आठ टोकांचा कागदी तारा: शेवटची पाकळी का बसत नाही, आणि झाडासाठी वेगळा तारा का करावा

प्रश्न: "खिडकीच्या काचेवर लावायला आठ पाकळ्यांचा कागदी तारा करतेय. ओरिगामी आधी कधी केलेली नाही. तीनदा करून पाहिला, पण आठवी पाकळी नीट बसतच नाही. कधी फट राहते, कधी ती पहिलीवर चढते. शिवाय उन्हात डिंकाचे डाग दिसतात. कागद कोणता घ्यावा? आणि हाच तारा झाडाला टांगला तर चालेल का?"

उत्तर:

आठवी पाकळी बिचारी निर्दोष असते. आधीच्या सात पाकळ्यांत थोडी थोडी साठत आलेली चूक तिच्या वाट्याला येते, एवढंच. त्यामुळे शेवटची पाकळी ओढूनताणून बसवण्यात अर्थ नाही. चूक कुठून शिरते ते कळलं, की ती चौथ्या-पाचव्या पाकळीलाच पकडता येते.

आधी या ताऱ्याची रचना समजून घ्या. प्रत्येक पाकळी एका चौरस कागदाची असते आणि घडी झाल्यावर पतंगासारखी दिसते. एका बाजूला निमुळतं टोक, दुसऱ्या बाजूला रुंद कोपरा. या रुंद कोपऱ्याला मी 'बूड' म्हणते. टोक बाहेर जातं, बूड ताऱ्याच्या मध्यावर येतं. बूड म्हणजे चौरसाचा न दुमडलेला कोपरा, म्हणून त्याचा कोन ९० अंशांचा. पाकळीच्या मधोमध जी कर्णाची रेघ असते ती या कोपऱ्याचे दोन समान भाग करते, ४५ आणि ४५. पुढच्या पाकळीची बुडाजवळची कड आपण आधीच्या पाकळीच्या मधल्या रेघेवर ठेवतो, म्हणजे दर पाकळीला तारा ४५ अंश वळतो. आठ वेळा ४५ म्हणजे बरोबर ३६०. मोजपट्टी किंवा कोनमापक लागत नाही तो याचमुळे. कागदाचा कोपराच कोनमापकाचं काम करतो.

आता प्रत्येक पाकळी एकाच अंशाने चुकली असं धरा. डोळ्याला ते दिसणार नाही. पण आठ पाकळ्यांनंतर ती चूक आठ अंशांची होते, आणि १० सेंमीच्या चौरसांचा तारा असेल तर टोकांपाशी ती जवळपास २ सेंमी भरते. तुम्हाला दिसणारी फट ती हीच.

कागद

खिडकीसाठी कागद पातळ आणि अर्धपारदर्शक हवा, आणि घडी धरून ठेवणारा हवा. पतंगाचा कागद सगळ्यात चांगला. दर चौरस मीटरला साधारण ४० ते ४५ ग्रॅम वजनाचा, किंचित कुरकुरीत, नखाने दाबली की घडी तशीच राहते. तो मिळाला नाही तर पातळ ट्रेसिंग पेपर चालतो. जाड ट्रेसिंग पेपरची घडी पांढरी पडते आणि कधीकधी तडकते, त्यामुळे आधी एका तुकड्यावर घडी घालून बघा.

तीन कागद टाळाच. जिलेटीनचा कागद दिसायला सुंदर असतो, पण स्प्रिंगसारखा उघडतो आणि घडी धरत नाही. भट्टीत वापरायच्या बेकिंग पेपरवर सिलिकॉनचा थर असतो, त्याला डिंक चिकटत नाही. आणि अगदी मऊ टिश्यू पेपर पहिल्या घडीलाच ताणला जातो, मग कडा जुळत नाहीत.

रंग निवडताना एक सोपी परीक्षा करा. कागदाचा तुकडा दोनदा दुमडून चार थर करा आणि उजेडासमोर धरा. ताऱ्याचा सगळ्यात गडद भाग चार थरांचा असतो, म्हणून जो रंग इथे दिसेल तोच ताऱ्यात दिसेल. पिवळा, नारिंगी, फिकट हिरवा छान उजळतात. गडद निळा आणि जांभळा चार थरांत जवळजवळ काळे होतात. पहिला तारा पिवळ्या किंवा नारिंगी कागदाचाच करा, कारण त्यात चुका स्पष्ट दिसतात आणि सुधारता येतात.

चौरस कापणे

१० सेंमी बाजूचे आठ चौरस घ्या, आणि सरावासाठी दोन जास्त. पाकळीची लांबी म्हणजे चौरसाचा कर्ण, १४.१ सेंमी. म्हणजे पूर्ण तारा टोकापासून टोकापर्यंत साधारण २८ सेंमीचा होईल. खिडकी लहान असेल तर ७.५ सेंमीचे चौरस घ्या, तारा २१ सेंमीचा होतो. त्याहून लहान चौरस पहिल्या वेळी नकोत. अर्ध्या मिलिमीटरची चूक मोठ्या कागदात लपते, छोट्या कागदात लपत नाही.

कात्रीने कापलेली कड किंचित वळते, म्हणून धातूची पट्टी आणि कटर वापरा. पातळ कागद पट्टीखाली सरकतो, तेव्हा एका वेळी चारच्या वर थर कापू नका. कापून झाल्यावर प्रत्येक चौरस तपासायचा. कर्णावर हलकेच दुमडून बघा. समोरासमोरचे कोपरे एकमेकांवर आले आणि कडा जुळल्या तर ठीक. कोपरा मिलिमीटरभर जरी बाहेर राहिला तरी तो चौरस बाजूला ठेवा. माझ्या मते आठवी पाकळी न बसण्याचं निम्मं कारण इथेच असतं.

पाकळीच्या तीन घड्या

चौरस टेबलावर तिरपा ठेवा, एक कोपरा तुमच्याकडे, एक समोर. डावा कोपरा उजव्यावर आणून कर्णाची घडी घाला, नखाने दाबा आणि उघडा. तुमच्यापासून समोर जाणारी एक उभी रेघ उमटेल. हीच मधली रेघ. ती नीट दाबलेली हवी, कारण पुढचं सगळं तिच्याच आधाराने होणार आहे.

समोरच्या कोपऱ्याला टोक मानू. टोकाला मिळणाऱ्या दोन कडांपैकी डावी कड मधल्या रेघेवर आणून दुमडा. मग उजवी तशीच. दोन्ही कडा मधल्या रेघेवर एकमेकींना टेकल्या की पतंगाचा आकार तयार.

दुमडताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, घडी टोकाकडून सुरू करा. टोकावर बोट घट्ट ठेवा, कड रेघेवर बसवा आणि मग टोकाकडून बुडाकडे दाबत या. उलट दिशेने दाबत गेलात तर उरलेला कागद टोकापाशी गोळा होतो आणि टोक बोथट किंवा वाकडं होतं. दुसरी, कड रेघेच्या पलीकडे जाऊ देऊ नका. केसाएवढी फट राहिली तरी चालेल, पण दोन कडा एकमेकींवर चढल्या तर पाकळी मिटत नाही, फुगते. फुगलेल्या पाकळ्या चिकटवताना सरकतात.

आठही पाकळ्या करून एकावर एक रचा आणि टेबलावर हलके ठोका. ज्या पाकळीचं टोक किंवा खांदा, म्हणजे बाजूचा रुंद कोपरा, बाहेर डोकावतो ती उघडून पुन्हा घडी करा. पातळ कागद दुसरी घडी सहन करतो, तिसरी नाही.

पाकळीच्या दुमडलेल्या पट्ट्या किंचित उघडत असतील तर त्यांच्या आतल्या कोपऱ्याखाली टाचणीच्या डोक्याएवढा डिंक लावा. सगळीकडे लावायची गरज नाही.

आधी कोरडी जुळणी, मग डिंक

पाकळ्या दुमडलेली बाजू वर ठेवून जुळवायच्या. पहिली पाकळी टोक समोर, बूड तुमच्याकडे अशी ठेवा. दुसरी तिच्यावर ठेवा. दोघींची बुडं एकाच बिंदूवर, आणि दुसरीच्या बुडाजवळची उजवी कड पहिलीच्या मधल्या रेघेवर. आता दुसरीचं टोक डावीकडे ४५ अंश वळलेलं दिसेल. तिसरी दुसरीवर याच नियमाने, आणि पुढेही तसंच. दिशा एकदा ठरली की बदलायची नाही, आणि नवी पाकळी नेहमी वर.

डिंक न लावता पाच पाकळ्या अशा मांडा आणि दोन ठिकाणी तपासा. पहिली आणि तिसरी यांच्या मधल्या रेघा काटकोनात असायला हव्यात. उरलेल्या चौरसाचा कोपरा मध्यावर ठेवून बघा. पहिली आणि पाचवी यांची टोकं एका सरळ रेषेत यायला हवीत. पट्टी टेकवून बघा. सरळ रेषा चुकली असेल तर ज्या पाकळीपासून ती चुकू लागली ती शोधून तिथेच दुरुस्त करा. ही दोन मिनिटं दिलीत तर आठवी पाकळी आपोआप बसते.

डिंकासाठी घट्ट ग्लू स्टिक घ्या. पातळ द्रव डिंकातलं पाणी कागद फुगवतं, वाळल्यावर सुरकुती राहते, आणि उजेडात ती सुरकुती म्हणजेच तुमचा डाग. ग्लू स्टिकचाही जाड थर दिसतो. म्हणून खालच्या पाकळीच्या डाव्या अर्ध्या भागावर दोनच ठिपके लावा. एक मधल्या रेघेकडे, एक खांद्याकडे, दोन्ही दुमडलेल्या पट्टीवर. तिथे थर जास्त असतात, ठिपका लपतो. मधला भाग फिकट असतो, तिथे डिंक नको.

आठव्या पाकळीची रीत थोडी वेगळी. तिची उजवी कड सातवीच्या मधल्या रेघेवर येते, हे नेहमीसारखंच. पण तिचा डावा अर्धा भाग पहिलीच्या खाली जातो. पहिलीचा उजवा भाग अजून सुटाच आहे, तो उचला, आठवी खाली सरकवा आणि दोन ठिपके लावून दाबा. आठवीची डावी कड पहिलीच्या मधल्या रेघेखाली आलेली उजेडात दिसली, म्हणजे वर्तुळ पुरं झालं. बरेच जण ही पाकळी पहिलीच्या वरच चिकटवतात. मग एकच पाकळी दोन्ही बाजूंनी वर दिसते आणि तारा चुकलाय असं वाटतं, जरी कोन बरोबर असले तरी.

उजेडात काय दिसायला हवं

तारा उजेडासमोर धरा. मध्ये एक फिकट अष्टकोन दिसेल. १० सेंमीच्या चौरसांत तो समोरासमोरच्या बाजूंमध्ये साधारण ८ सेंमीचा असतो. तिथे फक्त दोन थर आहेत, कारण दुमडलेल्या पट्ट्या बुडापर्यंत पोचत नाहीत. त्याच्याबाहेर, दोन पाकळ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे गडद भाग, चार थरांचा. आणि बाहेरची टोकं पुन्हा दोन थरांची, फिकट. ही नक्षी आपण काढलेली नसते, थरांच्या हिशोबातून ती निघते. म्हणून तीच चुकांचा आरसाही आहे.

अष्टकोनाची एक बाजू वाकडी असेल तर त्या पाकळीची पट्टी मधल्या रेघेपर्यंत पोचलेली नाही, किंवा पाकळीच मध्यापासून सरकली आहे. मध्यावर बारीक भोक पडलं असेल तर पाकळ्या बाहेर सरकत गेल्या. मध्यावर गडद ठिपका दिसला तर बुडं मध्याच्या पलीकडे गेली आहेत. दोन्हींवर उपाय एकच. पुढच्या वेळी खाली एका कागदावर पेन्सिलीने बिंदू काढा आणि प्रत्येक बूड त्या बिंदूवर टेकवा. टोकांमधली अंतरं असमान, पण अष्टकोन नीट असेल, तर बुडं जागेवर आहेत आणि फक्त कोन चुकला आहे.

तयार ताऱ्यात दोन-तीन मिलिमीटरची फट उरलीच, तर डिंक ओला असतानाच शेवटच्या तीन पाकळ्या थोड्या थोड्या सरकवून ती वाटून घ्या. तीन पाकळ्यांत वाटलेली चूक कुणाला दिसत नाही, एका पाकळीत ठासलेली लगेच दिसते. डिंक वाळला असेल तर ओढू नका, पातळ कागद फाटतो.

टोकं आणखी निमुळती करायची असतील तर

पाकळी तयार झाल्यावर तिच्या लांब कडा पुन्हा एकदा मधल्या रेघेवर दुमडा. टोक निम्म्या कोनाचं होतं, तारा बारीक किरणांसारखा दिसतो आणि मधल्या नक्षीत आणखी छटा येतात. पण थरही वाढतात, तेव्हा फक्त फिकट रंगाचा कागद घ्या. शिवाय बुडाजवळची कड इथे आखूड उरते, तीन-साडेतीन सेंमीचीच, म्हणून जुळवताना चूक व्हायचा संभव जास्त. पहिला तारा साधाच करा, हा दुसऱ्या फेरीला.

घड्या बदलायच्या असतील तर कितीही बदला, नियम एकच. टोकाच्या बाजूच्या कडा दुमडा, बुडाच्या नाहीत. बुडाच्या कडा मधल्या रेघेवर दुमडल्या की तिथला कोन ४५ अंशांचा होतो. मग पाकळ्या एकमेकींवर येतच नाहीत, फक्त शेजारी टेकतात. चिकटवायला जागाच उरत नाही.

काचेवर लावताना

सपाट बाजू खोलीकडे येऊ द्या, दुमडलेली काचेकडे. पारदर्शक दुहेरी टेपचे छोटे तुकडे एकाआड एक टोकांना पुरतात. काचेवर दव धरत असेल तर रंगीत पतंगाचा कागद काचेला टेकवू नका. ओला झाला की रंग सुटतो आणि काचेवर ओघळ येतात. तिथे तारा काचेपासून थोडा दूर, दोऱ्याला टांगा. ज्या टोकातून दोरा घालाल त्याला मागून टेपचा तुकडा लावा, मगच सुई टोचा. थेट ऊन पडणाऱ्या खिडकीत रंग हळूहळू उडतो, त्याला इलाज नाही. काम झालं की तारा जाड पुस्तकात सपाट ठेवा.

झाडासाठी हाच तारा का नको

टांगता येईल, पण मजा जाईल. या ताऱ्याचं सगळं सौंदर्य मागून येणाऱ्या उजेडावर आहे. झाडात मागे फांद्या असतात, उजेड समोरून पडतो, तेव्हा हा तारा नुसता पातळ कागद दिसतो. त्यात तो सपाट आणि हलका, वाऱ्याच्या झुळकीने फिरला की मागची बाजू दिसते. झाडासाठी दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा, थोडा भरीव तारा हवा. रॉबर्ट नील यांनी रचलेला आठ तुकड्यांचा सरकता तारा त्यासाठी उत्तम. त्याला डिंक लागत नाही, आणि तो मिटला की तारा, उघडला की मध्ये भोक असलेलं कडं होतो.

यासाठी साधा रंगीत कागद, ७० ते ८० ग्रॅमचा, ७.५ सेंमी बाजूचे आठ चौरस घ्या. तारा टोकापासून टोकापर्यंत साडेदहा सेंमीच्या आसपास होईल, म्हणजे चौरसाच्या कर्णाएवढा. हात बसला की ५ सेंमीच्या चौरसांतून ७ सेंमीचा करता येतो. चार रंगांचे दोन-दोन तुकडे घेतले तर सरकवताना नक्षी छान बदलते.

एका तुकड्याची घडी अशी. रंगीत बाजू खाली. चौरस उभा अर्धा दुमडून उघडा, आडवा अर्धा दुमडून उघडा. वरचे दोन्ही कोपरे मध्यबिंदूवर आणा, म्हणजे घराचा आकार होतो. आता घर उभ्या रेघेवर अर्धं मिटा, छपराच्या पट्ट्या आत, रंग बाहेर. मिटलेली कड डावीकडे धरा. खालचा डावा कोपरा, म्हणजे मिटलेल्या कडेच्या तळाचा, उचलून अशी घडी घाला की खालची कड उजव्या सुट्या कडेवर बसेल. घडी घट्ट दाबा, उघडा, आणि तोच कोपरा आता दोन थरांच्या मधे आत ढकला. याला इनसाइड रिव्हर्स फोल्ड म्हणतात. नवशिके इथेच अडतात. तुकडा थोडा उघडून आतून बोटाने कोपरा उलटा करा, रेघ आधीच दाबलेली असल्याने तो आपोआप आत वळतो.

झालेला तुकडा तिरप्या समांतरभुज चौकोनासारखा दिसतो. वर एक बंद टोक, खाली दोन सुटी टोकं, आणि खालच्या तिरक्या कडेत एक खोल खाच. खाच दिसत नसेल तर कोपरा आत ढकलायच्या ऐवजी नुसता मागे दुमडला गेलाय.

जोडताना दुसरा तुकडा पहिल्याच्या खाचेत घालायचा. त्याची वरची तिरकी कड खाचेच्या तळाला टेकली पाहिजे, आणि त्याची मिटलेली कड खाचेच्या तोंडाशी सपाट आली पाहिजे. आता पहिल्याची दोन सुटी टोकं दुसऱ्याच्या खालच्या कडेबाहेर साधारण एक सेंमी डोकावतात. पुढचं टोक पुढून, मागचं मागून, दुसऱ्याच्या खाचेत दुमडा. दोन्ही टोकं एकत्र एकाच बाजूला दुमडलीत तर जोड घट्ट होतो आणि सरकत नाही. टोकं सैलसर दुमडा, दाबून सपाट करू नका; ती दुसऱ्या तुकड्याला फक्त धरून ठेवतात.

असे आठ तुकडे जोडले की शेवटी आठव्याच्या खाचेत पहिला जातो. तिथे थोडं आवळल्यासारखं वाटेल, कारण सगळे तुकडे एकदम हलतात. कडं टेबलावर ठेवून समोरासमोरचे तुकडे हलकेच ओढा आणि जागा करा. मग चारही बाजूंनी आत सरकवत न्या, एकदम नाही, दर वेळी थोडं थोडं. भोक लहान होत होत मिटतं आणि आठ बंद टोकं बाहेर येतात.

एखाद्या जागी तारा अडकला तर जोर लावू नका. बहुतेक वेळा दुमडलेलं एखादं टोक खाचेच्या बाहेर, थरांच्या मधे गेलेलं असतं. तो जोड उघडून टोक पुन्हा आत घाला. सगळेच जोड घट्ट असतील तर कागद जाड आहे. १०० ग्रॅमच्या पुढे हा तारा सरकायला कुरकुर करतो.

टांगण्याआधी तारा पूर्ण मिटवा आणि समोरासमोरच्या दोन जोडांत डिंकाचा एक-एक ठिपका सोडा, नाहीतर फांदी हलली की तो हळूहळू कड्यात उघडतो. दोरा एका बंद टोकातून, टोकापासून अर्धा सेंमी आत, सुईने घाला.